पैसे भरल्यावर वयोगट चुकलेला दिसला तर : बिब नंबर आलेला असताना दुरुस्ती

प्रश्न : पणजीच्या 5 किमी रनला नाव घातलंय, रन 15 नोव्हेंबर 2026 ला आहे. माझी जन्मतारीख 12 ऑगस्ट 1981, म्हणजे 45 पूर्ण. तरी मेलमध्ये गट 30 ते 44 असा आलाय. पैसे गेले, बिब नंबरही आला, फॉर्म आता उघडत नाही. परत नवीन नोंदणी करू काय?

उत्तर : नवीन नोंदणी अजिबात करू नका. आधी आलेला मेल उघडून त्यात जन्मतारीख कशी छापलीय ती बघा. माझा अंदाज, तिथे 8 डिसेंबर 1981 असेल. तुम्ही 12/08/1981 असं टाइप केलंत आणि फॉर्मने महिना आधी, दिवस नंतर असं वाचलं. 8 डिसेंबरला जन्मलेल्या माणसाला 15 नोव्हेंबरला 44 च पूर्ण असतात, म्हणून तो गट. ही चूक गुपचूप होते, कारण तुमचा दिवस 12 किंवा त्याच्या आत आहे. 25 तारखेचा जन्म असता तर फॉर्मनेच अडवलं असतं, पंचविसावा महिना नसतो.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. माझा अंदाज बरोबर असेल, तर तुमचे आयोजक वय बहुधा रनच्या दिवशीचं धरतात. काही ठिकाणी 31 डिसेंबरचं वय धरतात. तसं असतं तर 8 डिसेंबरवाल्यालाही 45 चा गट मिळाला असता. तरी नियमांच्या पानावर ती ओळ एकदा वाचून घ्या, म्हणजे दुरुस्ती मागताना तिचाच आधार देता येईल.

मेलमध्ये तारीख बरोबर असेल आणि गट तेवढा चुकीचा, तर कारण वेगळं. बऱ्याच फॉर्ममध्ये गट जन्मतारखेवरून निघत नाही. तिकीट निवडतो तसा तो यादीतून आपणच निवडायचा असतो, आणि मोबाइलवर अंगठा वरच्या ओळीला लागतो. अशा फॉर्ममध्ये जन्मतारीख आणि गट हे दोन सुटे रकाने असतात, एक बदलला म्हणून दुसरा आपोआप बदलत नाही. म्हणून चूक कुठचीही असो, दुरुस्ती मागताना दोन्ही गोष्टी लिहा : बरोबर जन्मतारीख आणि बरोबर गट.

आता नवीन नोंदणी का नको ते सांगतो. पैसे जमा झाल्याची खूण आली की सिस्टीम पुढचा मोकळा बिब नंबर तुमच्या नावावर लावते. दुसऱ्यांदा भरलंत की त्याच नावावर, त्याच मोबाइलवर दुसरा नंबर पडतो. पैसे परत नाहीत हा नियम बहुतेक रनना असतोच, तेव्हा पहिली फी बुडाली असंच धरा. वर बिबची पाकिटं वाटतात त्या दिवशी टेबलावरचा स्वयंसेवक मोबाइल नंबर घालून शोधणार, त्याला दोन नावं दिसणार आणि जे पाकीट आधी हाताला लागेल ते तो देणार. ते चुकीच्या गटाचं निघालं तर सगळा खटाटोप फुकट.

दुरुस्ती आयोजकांच्या ईमेलवर मागा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला निरोप शंभर निरोपांखाली जातो आणि पुढे दाखवायला हातात काही राहत नाही. मेल आखूड असू द्या, पण त्यात नोंदणी क्रमांक आणि बिब नंबर दोन्ही हवेत. लोक हे दोन एकच समजतात. नोंदणी क्रमांक पैसे भरण्याच्या व्यवहाराशी बांधलेला असतो आणि कधी बदलत नाही. बिब नंबर बदलू शकतो. यूपीआयने भरले असतील तर 12 आकडी यूटीआर नंबरही द्या. मजकूर असा पुरे :

> नोंदणी क्रमांक अमुक, बिब तमुक. जन्मतारीख 8 डिसेंबर 1981 अशी नोंदली गेली आहे, बरोबर तारीख 12 ऑगस्ट 1981. रनच्या दिवशी वय 45 पूर्ण. कृपया जन्मतारीख आणि वयोगट दोन्ही बदलावेत, आणि टायमिंगच्या यादीतही बदल गेल्याचे कळवावे. पुरावा जोडला आहे.

महिना अक्षरांत लिहा, आकड्यांत लिहिलात तर तीच चूक परत होईल. पुराव्याला आधार देणार असाल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार जोडा. काही जुन्या आधार कार्डांवर फक्त जन्मवर्ष असतं. तुमचा प्रश्न दिवस-महिन्याचा असल्यामुळे ते इथे कामाचं नाही. पॅन किंवा ड्रायव्हिंग लायसन्सवर पूर्ण तारीख मिळते.

मेलमधलं टायमिंगच्या यादीचं वाक्य गाळू नका, सगळी मेख तिथे आहे. तुमची माहिती तीन जागी असते : नोंदणीच्या साइटवर, आयोजकांच्या यादीत आणि वेळ मोजणाऱ्या कंपनीकडे. रनच्या आधी एका ठरावीक दिवशी आयोजक साइटवरून यादी उतरवून घेतात, तीच बिबच्या छपाईला आणि टायमिंगवाल्यांकडे जाते. त्यानंतर साइटवर केलेली दुरुस्ती पुढे आपोआप पोचत नाही, कोणीतरी ती हाताने पोचवावी लागते. साइटवर 45 आणि त्यावरचा गट दिसतो आणि निकालात मात्र 30 ते 44 मध्ये नाव, हा घोळ इथूनच होतो. यादी उतरण्याआधी तुमचा मेल पोचला तर काम सरळ, म्हणून आजच पाठवा.

बिब बदलेल का, हे नंबर कसे वाटलेत त्यावर आहे. नुसत्या अंतराप्रमाणे वाटले असतील, म्हणजे 5 किमीला सगळे 5001 पासून सलग, तर नंबर तोच राहतो आणि यादीत गट तेवढा बदलतो. गटागटाला वेगळी मालिका असेल, समजा 5001 ते 5400 हा 30 ते 44 चा गट आणि पुढची त्यावरच्या वयाची, तर नवीन नंबर मिळतो. मग जुना नंबर विसरा. जुन्या मेलचा स्क्रीनशॉट घेऊन वाटपाला जाऊ नका, नव्या मेलचाच दाखवा.

पाकीट हातात आलं की टेबल सोडण्याआधी वरचं लेबल वाचा : नाव, अंतर, गट. बिब उलटा करून मागची चिप चिकटवलेली पट्टी बघा. चिपचा कोड यादीतल्या बिब नंबरशी जोडलेला असतो, म्हणून बिब ऐनवेळी बदलून दिला तर नवा नंबर तुमच्या नावावर चढवला की नाही ते त्यांच्या स्क्रीनवर दाखवायला सांगा. तुम्ही डिचोली-पेडण्यासारख्या लांबच्या ठिकाणी राहत असाल आणि पाकीट तुमच्यासाठी दुसरं कोणी आणायला जाणार असेल, तर त्याच्याकडे अधिकारपत्र आणि तुमच्या ओळखपत्राची प्रत द्याच, पण हे लेबल वाचायचंही त्याला बजावून सांगा.

छपाई होऊन गेली असेल तर बिबवर जुना गटच छापलेला मिळेल. त्याने बिघडत नाही, निकाल यादीवरून लागतो. मात्र घरातल्या दुसऱ्या कोणाचा, गट जुळतो म्हणून, बिब लावून धावू नका. बिबच्या मागे रक्तगट आणि घरचा फोन नंबर त्या माणसाचा असतो. वाटेत तुम्हाला चक्कर आली तर फोन भलत्यालाच जाईल.

तुमच्या 5 किमीला चिप नसेल, म्हणजे वेळ मोजणारच नसतील, तर गटवार क्रमांकही लागत नाहीत. तेव्हा एक मेल टाका आणि निश्चिंत राहा. चिप असेल तर धावून झाल्यावर आधी निकालाच्या लिंकवर बिब नंबर घालून गट बघा. पहिला निकाल तात्पुरता असतो आणि हरकतीची वेळ बहुधा बक्षीस वाटपापर्यंतच असते, तेव्हा आयोजकांनी दिलेलं मेलचं उत्तर फोनमध्ये उघडता येईल असं ठेवा.