मीटिंगच्या निमंत्रणात ॲक्सेसिबिलिटीचं नेमकं काय लिहायचं?

प्रश्न: पुढच्या महिन्यात २८ तारखेला तीन तासांची मीटिंग आहे, निमंत्रण मी लिहितोय. "काही विशेष गरज असल्यास कळवावे" एवढी ओळ पुरेल का?

नाही पुरणार. या ओळीला सहसा कोणी उत्तरच देत नाही, कारण मागितलं तर मिळणार आहे का, कोणाला सांगायचं आणि कधीपर्यंत, यातलं काहीच तिच्यात नाही, आणि "विशेष" म्हटलं की माणूस आधीच संकोचतो. त्यापेक्षा जे आहेच ते सरळ सांगा आणि जे सांगितल्यावर करता येईल ते वेगळं लिहा.

अवघड प्रकरण साइन लँग्वेज इंटरप्रिटरचं, म्हणून तारीख तिथूनच उलटी मोजा. चांगले इंटरप्रिटर आयत्या वेळी मिळत नाहीत, दोन-तीन आठवडे आधी बुक करावे लागतात, म्हणजे तुमच्याकडे मागणी ७ तारखेपर्यंत यायला हवी, आणि निमंत्रण त्याच्याही आठवडाभर आधी जायला हवं. तीन तासांना एकटा माणूस चालत नाही, दोघं लागतात, साधारण वीस-वीस मिनिटांनी आलटून पालटून करतात, कारण डोकं थकलं की वाक्यं गळायला लागतात (बजेट मागतानाच दोघांचं मागा). आणि कोणती साइन लँग्वेज हेही विचारा, ती जगभर एकच नसते, ब्रिटिश आणि अमेरिकन तर एकमेकींपासून अगदी वेगळ्या आहेत.

निमंत्रणात कॅप्शन्सबद्दल लिहिताना ती ऑटोमॅटिक असणार की माणूस टाइप करणार, ते स्पष्ट लिहा. ऑटोमॅटिक असतील तर नावांची वाट लागते आणि दोघं एकदम बोलले की गोंधळ होतो, त्यामुळे ज्याला त्यावरच अवलंबून राहायचंय त्याला आधी कळलेलं बरं.

मी असं लिहीन:

"मागच्या गेटपासून हॉलपर्यंत एकही पायरी नाही, लिफ्ट आहे, आणि व्हीलचेअर आत जाईल असं टॉयलेट त्याच मजल्यावर आहे. स्क्रीनवर ऑटोमॅटिक कॅप्शन्स असतील. साइन लँग्वेज इंटरप्रिटर (कोणत्या भाषेचा ते लिहा), माणसाने टाइप केलेली कॅप्शन्स किंवा आणखी काही हवं असेल तर ७ तारखेपर्यंत अमुक व्यक्तीला ईमेल किंवा मेसेज करा. नंतर कळवलंत तरी प्रयत्न करू, पण खात्री देता येणार नाही."

पहिलं वाक्य लिहायच्या आधी गेटपासून खुर्चीपर्यंत स्वतः चालून बघा हं, "रॅम्प आहे" म्हणतात आणि त्याच्यापुढे दाराचा उंबरठा निघतो, किंवा ते गेट संध्याकाळी कुलूपबंद असतं. संपर्काला नुसता फोन नंबर देऊ नका, ज्याला ऐकू येत नाही तो फोन कसा करणार! निमंत्रण पोस्टरच्या फोटोतूनच पाठवलं तर मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यातलं बहुतेक वेळा वाचता येत नाही, म्हणून मजकूर मेलमध्ये टाइप करा. आजार किंवा अपंगत्व काय ते विचारू नका, काय हवंय तेवढंच विचारा. आणि मागणी आली की त्याच दिवशी "मिळाली, बुकिंग करतोय" एवढा रिप्लाय टाका, इंटरप्रिटर ठरले की स्लाइड्स आणि बोलणाऱ्यांची नावं त्यांना दोन दिवस आधी पाठवा.