ऑस्ट्रेलियन डॉलर वधारला की निर्यातदार कारखान्याचे काय होते?

“भाऊ, मी जळगावच्या एमआयडीसीत मशीन शॉपला आहे. ऑस्ट्रेलियात अॅडलेडमधल्या, सुटे भाग निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीची बोलणी चालू आहेत. लोहखनिजाला तेजी आली की तिकडचा डॉलर वधारतो, असे ऐकतो. म्हणजे घरी पाठवायला जास्त रुपये. मग चांगलेच ना?”

रुपये जास्त मिळतील हे खरे आहे, पण ते ज्या कारखान्यातून मिळायचे तोच त्या तेजीने अडचणीत येऊ शकतो. मी मूळचा यावलचा. गेल्या तेजीच्या काळात अॅडलेडला अशाच एका कारखान्यात होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

2001 मध्ये एका ऑस्ट्रेलियन डॉलरला जेमतेम 48 अमेरिकी सेंट मिळत होते. जुलै 2011 मध्ये तोच डॉलर 110 सेंटच्या घरात गेला. चीनच्या पोलाद कारखान्यांची मागणी इतकी वाढली होती, की 2011 च्या सुरुवातीला लोहखनिजाचा भाव टनाला 180 अमेरिकी डॉलरच्या वर होता. खाण कंपन्यांना पैसे अमेरिकी डॉलरमध्ये मिळतात, मात्र मजुरी, कर आणि रॉयल्टी स्थानिक चलनात द्यावी लागते. शिवाय नव्या खाणी आणि बंदरे उभारण्यासाठी परदेशातून भांडवल येत होते. त्यात नोव्हेंबर 2010 पासून ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेचा व्याजदर 4.75 टक्के होता आणि अमेरिकेत तो शून्याला टेकलेला, त्यामुळे जास्त व्याजाच्या ओढीनेही पैसा आला. या सर्वांना स्थानिक डॉलर हवा होता, म्हणून तो वधारत गेला.

आता तुमच्या कारखान्याचा हिशेब उदाहरणादाखल मांडू. एक भाग 70 अमेरिकी डॉलरला विकण्याचा करार आहे आणि तो बनवायला 80 ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च येतो. दर 75 सेंट असताना त्या 70 चे सुमारे 93 ऑस्ट्रेलियन डॉलर होतात, म्हणजे नगामागे 13 चा नफा. दर 105 सेंट झाला की त्याच 70 चे सुमारे 67 होतात आणि नगामागे 13 चा तोटा लागतो. यंत्र तेच, कारागीर तेच, मालही तोच. भाव वाढवावा, तर गिऱ्हाईक थायलंड किंवा कोरियाकडे वळते.

दुसरा फटका मजुरीचा असतो. कापसाला भाव आला की आपल्याकडे वेचणीची मजुरी वाढते आणि केळीवाल्यालाही तोच दर मोजावा लागतो, मग त्याच्या केळीला भाव असो वा नसो. तसेच पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागातील लोहखनिजाच्या खाणींनी फिटर आणि इलेक्ट्रिशियन विमानाने ने-आण करून, भरघोस पगार देऊन ओढून नेले. बांधकाम, हॉटेल अशा धंद्यांना परदेशी स्पर्धा नसल्याने वाढलेली मजुरी गिऱ्हाइकाकडून वसूल करता येते. निर्यातदाराला ती सोय नाही.

यातली सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे परिणाम दिसायला लागणारा वेळ. बरेच कारखाने पुढच्या काही महिन्यांचा दर फॉरवर्ड कराराने आधीच बांधून घेतात, त्यामुळे तोटा लगेच दिसत नाही. करार संपले की तो एकदम समोर येतो. होल्डनने अॅडलेडच्या उत्तरेकडील एलिझाबेथ येथील मोटार कारखाना बंद करण्याचे डिसेंबर 2013 मध्ये जाहीर केले आणि तो प्रत्यक्ष बंद पडला ऑक्टोबर 2017 मध्ये, तेव्हा डॉलर 80 सेंटच्याही खाली उतरलेला होता. चलन खाली आले म्हणून बंद झालेली असेंब्ली लाइन परत सुरू होत नाही, कारण तोवर पुरवठादार आणि कारागीर पांगलेले असतात. अर्थात, सगळा दोष चलनावर टाकणे मला पटत नाही. तिथली मोटारींची बाजारपेठ लहान होती, आयात शुल्क आधीच बरेच घटले होते आणि उत्पादनाची संख्या परवडण्याइतकी नव्हती. वधारलेल्या डॉलरने आधीच डळमळीत असलेला धंदा ढकलला, एवढेच म्हणता येईल.

म्हणून होकार देण्याआधी कारखान्याला दोन गोष्टी विचारा. बिले कोणत्या चलनात निघतात आणि खर्चापैकी किती भाग आयात मालाचा आहे? आयात माल बराच असेल तर डॉलर वधारल्यावर तो स्वस्त पडतो आणि फटका तेवढा सौम्य होतो. बिले अमेरिकी डॉलरमध्ये आणि जवळजवळ सगळा खर्च स्थानिक चलनात असेल, तर तुमची नोकरी लोहखनिजाच्या भावाला बांधलेली आहे असे समजा. अशा वेळी खाणींची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्येही अर्ज करून ठेवा. तेजीत त्यांचे काम वाढते, मंदीत मात्र आधी तेच थंडावते. आणि निर्यातदाराकडेच रुजू झालात, तर डॉलर वधारलेल्या दिवसांत जळगावला जास्त पैसे पाठवण्याच्या भरात घराचे मोठे कर्ज अंगावर घेऊ नका. नोकरी गेली तरी सहा महिने हप्ते भरता येतील एवढी रक्कम आधी बँकेत ठेवा.