ते ताजंतवानं नाही, थकलेलं आहे

प्रिय ताई,
माझं बाळ ९ महिन्यांचं आहे. दुपारची दुसरी झोप चारला संपते. साडेसातला जरा डोळे चोळतं, पण आठनंतर एकदम ताजंतवानं होऊन घरभर रांगतं, खदखदा हसतं. हे साडेनऊला येतात, त्यांच्याशी खेळतं आणि साडेदहाला झोपतं. सव्वाअकराला रडत उठतं, मग एक, तीन, साडेचार... सलग झोपावं म्हणून अकराला झोपवून पाहू का?

अगं, मुळीच नको! तुझ्या पत्रातलं 'एकदम ताजंतवानं' वाचून मी तिथंच थांबले. साडेतीन तास जागं असलेलं बाळ विश्रांतीशिवाय ताजंतवानं होईल कसं? साडेसातला त्याला झोप आली होती. ती हुकल्यावर शरीराने जागं राहण्यासाठी कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढवली. खदखदून हसणं, सैरावैरा रांगणं हा त्याचाच जोर. पुढे हेच बाळ कडेवर पाठ ताठ करतं आणि झोपवायला घेतलं की किंचाळतं.

या वयाचं बाळ साधारण तीन-साडेतीन तास नीट जागं राहतं. तुझं साडेसहा तास राहतंय. इतक्या ताणात लागलेली झोप कच्ची असते. बाळाच्या झोपेचं एक चक्र साधारण पाऊण तासाचं. ते संपताना सगळीच बाळं जराशी चाळवतात आणि पुन्हा झोपतात. दमून गेलेल्याला ते जमत नाही, ते रडत उठतं. साडेदहा आणि सव्वाअकरा यांत अंतर किती, मोज बरं!

तेव्हा आजपासून बाळ सव्वासात-साडेसातला झोपलेलं हवं. पावणेसातलाच घरातले दिवे मंद कर, कपडे बदल, दूध पाज. डोळे चोळायची वाट पाहू नकोस, तोवर उशीर झालेला असतो. खेळण्यावरची नजर उडाली, बाळ शून्यात बघू लागलं, भुवया लालसर झाल्या, की उचल. दुपारी लवकर उठलं तर रात्रही तितकीच लवकर.

पहिले दोन-तीन दिवस पहाटे लवकर उठेल. तेव्हा अंधारच ठेव, दिवस सुरू करू नकोस. आठवडाभर नेटाने कर. आधी सव्वाअकराचं उठणं जाईल, मग बाकीची कमी होतील. भुकेचं एखादं राहिलं तर ते खरं आहे, पाज. अंथरुणात अर्धा तास मजेत खेळत पडलं, तर मात्र रात्री झोपवायची वेळ १५ मिनिटं उशिरा ठेव. आणि बाळ घोरत असेल किंवा तोंडाने श्वास घेत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखव.

साडेनऊचा खेळ बंद. बाळाच्या बाबांना वाईट वाटेल, वाटू दे. पहाटेनंतर बाळ उठेल तो पहिला तास त्यांचा. बाळाला त्यांनीच उचलायचं, लंगोट त्यांनीच बदलायचा, आणि तेवढा वेळ तू झोपायचं.