आवाजाचं बटण दाबलं की गाणंच बदलतं

प्लस दाबलं की आवाज वाढत नाही, पुढचंच गाणं लागतं. स्पीकर नवाच आहे, बदलून घेऊ का?

थांबा, आधी बटणावर काय छापलंय ते बघा. प्लसच्या शेजारी पुढच्या गाण्याची खूण असेल तर एकाच बटणाला दोन कामं दिलीयेत, झटकन दाबून सोडलं की गाणं पुढं आणि साधारण सेकंदभर दाबून धरलं की आवाज वर. काही मॉडेलमधे याच्या उलट असतं. बोट न उचलता धरून ठेवा, आवाज पायरीपायरीने चढत गेला तर स्पीकर ठणठणीत आहे.

माझ्याकडे चारही बटणं वेगळी आहेत. पावसाळ्यापासून मायनस दाबलं की कधी आवाज कमी होतो, कधी गाणं पुढं जातं.

हा मात्र बटणांच्या बोर्डाचा फॉल्ट. बऱ्याच स्वस्त स्पीकरमधे बटणं चार असली तरी चिपकडे वायर एकच जाते, प्रत्येक बटणाला वेगळा रेझिस्टर असतो आणि वायरवर व्होल्टेज किती आलं त्यावरून चिप बटण ओळखते. समजा वर 3.3 व्होल्टला 22 किलोओहमचा रेझिस्टर आहे, मायनसला 3 किलोओहम आणि नेक्स्टला 6.2. मायनस दाबल्यावर साधारण 0.4 व्होल्ट यायला हवेत, नेक्स्टला 0.73. आता ओल शिरून मायनसच्या स्विचच्या आतला काँटॅक्ट काळा पडला आणि त्याचेच 3 किलोओहम वाढले तर एकूण झाले 6, व्होल्टेज 0.71, म्हणजे चिपला वाटतं नेक्स्ट दाबलं!

खात्री करायला स्पीकर बंद करून बॅटरीचा कनेक्टर काढा, मीटर 200 ओहमवर ठेवा, त्याच स्विचच्या तिरक्या समोरासमोरच्या दोन पायांना प्रोब लावा आणि बटण दाबा. एक ओहमच्या आत रीडिंग आलं तर स्विच चांगला. शेकड्यात आलं, रेंजच्या बाहेर गेलं किंवा बोटाच्या जोराप्रमाणे आकडा नाचत असेल तर स्विच गेला. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडून वीसेक वेळा दाबलं की बरेचदा चालू होतो, पण काँटॅक्टचा मुलामाच गेलेला असेल तर काही दिवसांनी परत तेच, त्यामुळे मी सरळ स्विच बदलायलाच सांगेन, दोन-पाच रुपयांची वस्तू आहे.

मायनसचा स्विच बदलला, आता चालू केला की आवाज आपोआप शून्यावर जातो आणि बाकीची बटणं पण चालत नाहीत.

झाकण उघडं ठेवून चालवून बघा. उघडं असताना नीट चालतो आणि स्क्रू आवळले की बिघडतो, असं असेल तर नवा स्विच उंच आहे. 6 बाय 6 चे स्विच 4.3, 5, 7 मिमी अशा उंचीत मिळतात, दुकानदार हातात येईल तो देतो, आणि अर्धा-पाऊण मिलिमीटर जास्त झाला तरी रबराचं बटण त्याला कायम दाबून धरतं. वायर एकच, त्यामुळे एक दाबलेलं राहिलं की बाकीच्यांचं चिपला नीट कळतच नाही. जुना स्विच टाकला नसेल तर तोच दुकानात न्या आणि बोर्डापासून दांडीच्या टोकापर्यंतची उंची जुळवून घ्या.

उघडं असतानाही तसंच होत असेल तर भिंगाखाली सोल्डर बघा, शेजारच्या पॅडला चिकटलं असणार.