२५ टन हळद, मग ५ लॉट विकायचे का?

"रायबागची हळद, विकतो सांगलीत. भाव पडला तर झळ कमी बसावी म्हणून वायदा विकायचाय, तो निजामाबादचा, लॉट ५ टनांचा. २५ टनांना ५ लॉट बरोबर ना?"

बहुधा कमी लागतील. दोन-तीन हंगामांचे आठवड्याचे भाव घ्या. शीटमध्ये B मध्ये सांगलीच्या भावातला आठवड्या-आठवड्याचा फरक, C मध्ये त्याच वायद्याच्या भावातला.

```
=SLOPE(B2:B101,C2:C101)
=RSQ(B2:B101,C2:C101)
```

समजा उतार ०.८ आला. वायदा १०० रुपये हलला की सांगली सरासरी ८० हलते, म्हणून २० टन, म्हणजे ४ लॉट विका.

R² समजा ०.६४. इथं आमच्या चिकोडीकडचे व्यापारीही फसतात: "६४ टक्के जोखीम गेली!" गेला तो व्हेरियन्स, म्हणजे हेलकावणीचा वर्ग. उरलेल्या ०.३६ चं वर्गमूळ ०.६, म्हणजे आठवड्याला ५०० रुपयांची हेलकावणी ३०० वर येते, शून्यावर नाही. हे ३०० म्हणजे बेसिस जोखीम: सांगलीत आवक तुंबली, निजामाबादेत नाही, की भाव फाटतात. लॉट वाढवून ती जात नाही, उलट वाढते.

फरकांऐवजी थेट भाव टाकू नका. दोन्ही एकाच तेजीत चढलेले असले तर R² फुगून ०.९ दिसतो. आणि एका वायद्यातून पुढच्यात गेलात त्या आठवड्याची ओळ काढून टाका, तो फरक खोटा असतो.