जुनं मशीन घेतलं, त्याचा सगळा खर्च याच वर्षी टाकता येईल का?

प्रश्न: छोटा कारखाना आहे. जुनं मशीन ४,००,००० ला घेतलं. वाहतूक १५,०००, पाया आणि वायरिंग २५,०००, सुरू करण्याआधी ओव्हरहॉल ४०,०००, कामगाराच्या ट्रेनिंगचे १०,०००. तीन महिन्यांनी मोटर जळाली, रिवाइंडिंगला १२,००० गेले. हे सगळं याच वर्षीच्या खर्चात टाकून मोकळं होता येईल का?

उत्तर: सगळं नाही. तुमच्या यादीतले २२,००० याच वर्षी खर्चात जातील, बाकीचे ४,८०,००० मशीनची किंमत म्हणून ताळेबंदात बसतील आणि घसाऱ्याच्या रूपाने हळूहळू खर्ची पडतील.

मशीन कामाला लागेल अशा स्थितीत आणेपर्यंत जे जे करावं लागलं, ते त्याच्या किमतीचाच भाग असतं. वाहतूक, पाया, वायरिंग हे त्यात सहज बसतात. लोक अडतात ते ओव्हरहॉलपाशी. बिलावर ‘दुरुस्ती’ लिहिलंय म्हणून ते दुरुस्ती खात्यात ढकलतात. पण ते मशीन तुमच्याकडे आलं तेव्हा चालण्याजोगं नव्हतं, म्हणूनच तुम्हाला स्वस्त मिळालं. ते चालण्याजोगं करायला घातलेले ४०,००० भांडवलीच. हाच ओव्हरहॉल, याच मेकॅनिककडून, दोन वर्षांनी मशीन पूर्वीसारखं चालावं एवढ्यासाठी केलात तर साधारणपणे तो महसुली खर्च होईल. बिलावरचा शब्द नका पाहू, खर्च कधी आणि कशासाठी झाला ते पाहा.

मोटरचं रिवाइंडिंग याच कारणाने महसुली. मोटर होती तशी झाली, मशीन जास्त काम करायला लागलं नाही की त्याचं आयुष्य वाढलं नाही. त्याऐवजी जास्त ताकदीची नवी मोटर बसवून उत्पादन वाढवलं असतंत, तर ती भांडवली ठरली असती आणि जुन्या मोटरची उरलेली किंमत पुस्तकातून काढावी लागली असती. ट्रेनिंग कामगारासोबत निघून जातं, मशीनला चिकटत नाही. ते किमतीत धरत नाहीत.

आता घसारा. समजा मशीन सहा वर्षं चालेल आणि शेवटी ६०,००० ला विकलं जाईल असा तुमचा अंदाज आहे. ४,८०,००० मधून ६०,००० वजा केले की ४,२०,००० उरतात, सहा वर्षांत वाटले तर वर्षाला ७०,०००. ही सरळ रेषा पद्धत. घटत्या शिल्लकीच्या पद्धतीत दरवर्षी उरलेल्या रकमेवर टक्का लावतात: २५ टक्के धरले तर पहिल्या वर्षी १,२०,०००, दुसऱ्या वर्षी ९०,०००, तिसऱ्या वर्षी ६७,५००. जे यंत्र सुरुवातीला जास्त काम देतं आणि पुढे मंदावतं, त्याला मला ही पद्धत जास्त पटते. मात्र एकदा निवडलेली पद्धत नफा जास्त-कमी दिसावा म्हणून दरवर्षी बदलत बसू नका. मशीन वर्षाच्या मध्यावर चालू झालं असेल तर पुस्तकात त्या वर्षी तेवढ्याच महिन्यांचा घसारा धरा.

समजा मशीन वर्षाच्या सुरुवातीलाच चालू झालं आणि हे सगळे खर्च धरण्याआधी तुमचा नफा ६,००,००० आहे. सगळे ५,०२,००० एकदम खर्चात टाकले तर तो ९८,००० दिसेल. नियमाने केलं तर २२,००० आणि ७०,००० वजा जाऊन ५,०८,०००. पुढच्या वर्षी मात्र पहिल्या पद्धतीत मशीन जणू फुकटात चालतंय असं दिसतं आणि नफा फुगतो. मालाचा दर ठरवताना मशीनची झीज धरायची राहून जाते, ते मला कराच्या भानगडीपेक्षा जास्त महागात पडणारं वाटतं. शिवाय दुरुस्ती खातं एका वर्षी अचानक उड्या मारलेलं दिसलं की तपासणारा पहिली बिलं त्याचीच मागतो.

कराचा हिशेब वेगळा मांडा. घसाऱ्याचे दर तिथे कायदा ठरवतो, तुमचा सहा वर्षांचा अंदाज नाही. काही ठिकाणी लहान रकमेची वस्तू किंवा ठरावीक यंत्रं पहिल्याच वर्षी पूर्ण वजा करायची मुभाही असते. ती मिळत असेल तर करात जरूर घ्या, पण पुस्तकातल्या घसाऱ्यात तो आकडा आणू नका. आणि घसारा म्हणजे खिशातून गेलेले पैसे नव्हेत हेही लक्षात असू द्या. पैसे मशीन घेतानाच गेलेत, त्यामुळे नफा दिसतोय म्हणून तेवढी रोकड बँकेत असेलच असं नाही.

प्रत्येक मशीनसाठी रजिस्टरचं एक पान ठेवा: चालू केल्याची तारीख, किमतीत धरलेली प्रत्येक रक्कम, दरवर्षीचा घसारा, शिल्लक. तीन वर्षांनी विकायचं ठरलं तर सरळ रेषेने शिल्लक २,७०,००० असेल. २,३०,००० मिळाले तर ४०,००० चा तोटा त्या वर्षी नफा-तोटा पत्रकात जाईल. मूळ बिलं हाताशी नसतील तर ही शिल्लक कोणालाच पटवून देता येणार नाही.