सीएएसमधून खरेदी किंमत आणि भांडवली नफा कसा काढायचा?

प्रश्न: २०१६ पासून एका इक्विटी फंडात थोडे थोडे पैसे टाकत होतो, सप्टेंबर २०२४ मध्ये बरेच युनिट विकले. आयकर खात्याच्या एआयएसमध्ये विक्रीची रक्कम दिसते, पण खरेदी किंमत कोरी आहे. स्टेटमेंटच्या पीडीएफमधून खरेदी, धारणकाळ आणि नफा स्वतः कसा काढू? थोडे शेअरही विकले आहेत.

उत्तर:

आकडेमोडीआधी हातातलं स्टेटमेंट बरोबर आहे का ते बघा, कारण बहुतेकांची गाडी तिथेच घसरते. कॅम्स किंवा केफिनटेक या फंडांच्या रजिस्ट्रारांच्या साइटवर पॅन आणि ईमेल देऊन एकत्रित स्टेटमेंट, म्हणजे सीएएस, मागवता येतं. त्यात प्रकार `Detailed` निवडा, तारीख पहिल्या खरेदीच्या आधीची द्या आणि शून्य शिल्लक असलेले फोलिओही मागा. मी पहिल्या वर्षी फक्त चालू आर्थिक वर्षाचं मागवलं होतं. फोलिओच्या सुरुवातीला एकच ओळ होती, `Opening Unit Balance`, आणि पुढे फक्त युनिटचा आकडा. ते युनिट कधी, कितीला घेतले याचा त्या पीडीएफमध्ये मागमूस नव्हता. तुमच्या पीडीएफमध्ये त्या ओळीपुढे शून्याशिवाय काहीही असेल, तर ती बाजूला ठेवा आणि पुन्हा मागवा.

पीडीएफमधून टेबल हाताने कॉपी केलं तर रकाने सरकतात, आणि कंसातल्या ऋण रकमा एक्सेल कधी कधी मजकूर समजून बेरजेतून वगळतं. थोडं पायथन येत असेल तर `casparser` ही मोफत लायब्ररी वापरा:

```python
import casparser
s = casparser.read_cas_pdf("cas.pdf", "पासवर्ड", output="csv")
open("cas.csv", "w", encoding="utf-8").write(s)
```

पासवर्ड म्हणजे सीएएस मागवताना तुम्हीच टाकलेला. आता प्रत्येक व्यवहाराची तारीख, रक्कम, युनिट, एनएव्ही आणि प्रकार वेगवेगळ्या रकान्यांत मिळेल. जुलै २०२० पासूनच्या खरेदीखाली मुद्रांक शुल्काची छोटी ओळ दिसेल आणि विक्रीखाली एसटीटी या व्यवहार कराची. दोन्ही ओळींत युनिट नसतात. मुद्रांक शुल्क खरेदीच्या खर्चात धरता येतं, एसटीटी मात्र नफ्यातून वजा होत नाही. बँकेत पैसे नसल्याने एखादा हप्ता परत गेला असेल, तर आधी खरेदी आणि लगेच तेवढेच ऋण युनिट दिसतील. ती विक्री नव्हे. दोन्ही ओळी एकमेकींना छेदून काढून टाका, नाहीतर पुढचं सगळं गणित सरकेल. उलट, एका योजनेतून दुसरीत केलेला स्विच पैसे हातात न येताही विक्रीच धरला जातो.

आता खरा भाग. स्टेटमेंटमधली विक्रीची एक ओळ तुमच्या हिशोबात तीन-चार ओळी होते. नियम असा, की आधी आलेले युनिट आधी गेले असं धरायचं, आणि तेही प्रत्येक योजनेत फोलिओनिहाय. सरासरी किंमत इथे चालत नाही. सोप्या आकड्यांवर करून दाखवतो.

समजा खरेदी अशी आहे: १० जून २०१६ ला ४० रुपयांनी ५०० युनिट, ५ मार्च २०२१ ला ७५ रुपयांनी २०० आणि ५ जानेवारी २०२४ ला ११० रुपयांनी १००. मग ९ सप्टेंबर २०२४ ला १३० रुपयांनी ७५० युनिट विकले, आले ९७,५०० रुपये.

पहिले ५०० युनिट २०१६ चे. ते ६५,००० ला गेले. मूळ खरेदी २०,००० ची, पण इथे ३१ जानेवारी २०१८ ची सवलत लागते, कारण त्या तारखेपर्यंतची वाढ करातून वगळलेली आहे. त्या दिवशीची एनएव्ही ६२ होती असं धरू, म्हणजे ३१,०००. आधी ही रक्कम आणि विक्रीची रक्कम यांतली लहान घ्या, मग ती आणि मूळ खरेदी यांतली मोठी घ्या. एक्सेलमध्ये E मध्ये खरेदी, F मध्ये त्या दिवशीचं मूल्य आणि G मध्ये विक्री ठेवली तर:

```
=MAX(E2,MIN(F2,G2))
```

उत्तर ३१,०००, म्हणून नफा ३४,०००. पुढचे २०० युनिट २०२१ चे: २६,००० वजा १५,०००, नफा ११,०००. उरले ५०, ते जानेवारी २०२४ च्या शंभरातले: ६,५०० वजा ५,५००, नफा १,०००. या ५० ना आठच महिने झाले होते, त्यामुळे हा हजार अल्पकालीन आणि बाकीचे ४५,००० दीर्घकालीन. सरासरीने केलं असतं तर ५४,३७५ चा एकच गोळा आला असता, आणि त्यात अल्पकालीन किती हे कळलंच नसतं.

इक्विटी फंडाला सीमा बारा महिन्यांहून जास्त अशी आहे. A मध्ये खरेदीची आणि B मध्ये विक्रीची तारीख असेल तर `=IF(B2>EDATE(A2,12),"LT","ST")`. विक्री २३ जुलै २०२४ नंतरची असल्याने दीर्घकालीन नफ्यावर सव्वा लाखाच्या वरच्या भागाला १२.५ टक्के, अल्पकालीनवर २० टक्के. डेट फंडाला हे लावू नका. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडाचा नफा कितीही वर्षांनी विकला तरी अल्पकालीनच धरला जातो आणि तुमच्या स्लॅबने कर लागतो.

पडताळणी फुकट मिळते. तुमच्या हिशोबात ५० युनिट उरले, ५,५०० रुपयांचे. सीएएसमध्ये फोलिओच्या शेवटी `Closing Unit Balance` आणि `Total Cost Value` असतं. युनिट तीन दशांशांपर्यंत जुळलेच पाहिजेत आणि किंमत जवळपास. युनिट जुळले नाहीत तर एखादा स्विच, पुनर्गुंतवलेला लाभांश किंवा परत गेलेला हप्ता निसटलाय. रजिस्ट्रारकडे भांडवली नफ्याचं तयार स्टेटमेंटही मिळतं. तेही मागवा आणि आपल्या आकड्याशी ताडून बघा. मी स्वतः दोन्ही करतो, कारण फरक कुठे आहे हे आपला हिशोब असल्याशिवाय दिसत नाही.

शेअरचं थोडं वेगळं. एनएसडीएल किंवा सीडीएसएलचं स्टेटमेंट शेअर किती आले आणि किती गेले एवढंच सांगतं, कितीला घेतले ते नाही. किंमत ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटमधून किंवा त्याच्या साइटवरच्या ट्रेडबुकमधून घ्यायची. तारीखही तिथलीच, कारण डिमॅटमध्ये शेअर सौद्यानंतर जमा होतात. सौद्याची तारीख धरायची, हे सीबीडीटीच्या १९९५ च्या परिपत्रक ७०४ मध्ये आहे. आधी आले ते आधी गेले हा नियम इथे प्रत्येक डिमॅट खात्याला वेगळा लागतो. म्हणून दोन खाती असतील तर दोन याद्या करा. ३१ जानेवारी २०१८ चं मूल्य म्हणजे त्या दिवशीचा बाजारातला सर्वोच्च भाव, बंद भाव नव्हे.

डिमॅटमध्ये खरेदीशिवाय शेअर वाढलेले दिसले तर बोनस किंवा विभाजन बघा. बोनसची किंमत शून्य आणि धारणकाळ वाटपाच्या तारखेपासून. मात्र ३१ जानेवारी २०१८ आधीच्या बोनसला वरची सवलत मिळते. विभाजनात जुनीच तारीख आणि जुनीच एकूण किंमत राहते, फक्त ती जास्त शेअरवर वाटली जाते. विभाजनाआधीचा भाव आणि नंतरची संख्या यांचा गुणाकार केलात तर खरेदी पाचपट-दहापट फुगेल, आणि नफ्याच्या जागी खोटा तोटा दिसेल.